स्वेटर ओला, तरी ऊब कशी?

प्रश्न: डिसेंबरात नागपूरहून चिखलदऱ्याला गेलो आणि मावठ्यात सापडलो. मित्राच्या अंगात त्याच्या आजीने विणलेला लोकरी स्वेटर, माझ्या अंगात जाड सुती हूडी, तिसऱ्याच्या अंगात पॉलिस्टरचं फ्लीस जॅकेट. तिघंही भिजलो. मी कुडकुडत होतो आणि स्वेटरवाला मजेत. लोकर तर सुतापेक्षा जास्त पाणी पिते म्हणतात, मग ओली होऊनही ती गरम कशी राहते? ओली झाल्यावर ती स्वतः उष्णता सोडते, हे खरं की नुसती ऐकीव गोष्ट?

उत्तर:

उष्णता सोडते, हे खरं आहे. पण तुमचा मित्र मजेत राहिला त्याचं मुख्य कारण ते नाही. माझी बरीच वर्षं सूतगिरण्यांच्या तपासणी प्रयोगशाळेत धाग्यातला ओलावा मोजण्यात गेली. तिथे शिकलेली पहिली गोष्ट अशी की कापडाने किती पाणी घेतलं यापेक्षा ते कुठे ठेवलं, हे आधी विचारायचं.

विदर्भात ओलाव्याची भाषा कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कापूस विकायला नेला की त्यात मीटर खुपसतात. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्यावर बारापर्यंत कपात, बाराच्या पुढे माल परत. आता गंमत बघा. हात लावला तर आठ टक्क्यांचा कापूसही कोरडा लागतो आणि दहाचाही कोरडाच लागतो. म्हणजे तंतूच्या पोटात पाणी असतं, पण ते हाताला कळत नाही. लोकरीत हाच प्रकार दुपटीने घडतो.

प्रयोगशाळेत आम्ही नमुना 105 अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवतो आणि मग 20 अंश तापमान व 65 टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवतो. 100 ग्रॅम कोरडी लोकर तिथल्या हवेतून साधारण 15 ग्रॅम पाणी ओढून घेते. सूत सात-आठ ग्रॅमवर थांबतं. नायलॉन चारच्या आसपास, अ‍ॅक्रिलिक एक-दोन, आणि पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. हवा पूर्ण दमट केली तर लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी पोटात घेते आणि तरीही तिच्यातून थेंब गळत नाही. एकदा एका गिरणीने ऑगस्टमध्ये तोलून घेतलेला लोकरमिश्रित धागा एप्रिलमध्ये पुन्हा काट्यावर ठेवला आणि वजन घटलं म्हणून चोरीचा संशय थेट गोदामवाल्यावर घेतला. चोर नागपूरचा उन्हाळा होता. गोदामवाल्याची सुटका भट्टीतल्या नमुन्याने केली.

हे पाणी आत शिरतं कसं, यात लोकरीची खरी खुबी आहे. लोकरीचा तंतू म्हणजे केराटिन, आपल्या केसांचं आणि नखांचं प्रथिन. त्याचा गाभा पाण्याचा लोभी. पण गाभ्यावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात आणि खवल्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागाला स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर चिकटलेला असतो. तो नुसता तेलासारखा माखलेला नसतो, रासायनिक बंधाने जोडलेला असतो. म्हणून साध्या धुण्याने जात नाही. परिणाम असा होतो की पाण्याचा थेंब या थरावर पसरत नाही, मण्यासारखा बसून राहतो. वाफेच्या रूपातलं पाणी मात्र सुटं असतं. एकेक रेणू त्या थरातून आणि खवल्यांच्या फटींतून बिनबोभाट आत जातो. म्हणजे थेंबाला दार बंद आणि वाफेला उघडं.

सुताचं याच्या नेमकं उलट. सूत म्हणजे सेल्युलोज. त्याला आतूनही पाणी आवडतं आणि बाहेरूनही. जिनिंगनंतर बोंडाच्या तंतूवर थोडं मेण असतं, पण कापड शिजवताना आणि ब्लीच करताना ते काढूनच टाकतात, नाहीतर रंग बसत नाही. त्यामुळे तुमच्या हूडीवर पडलेला थेंब क्षणात पसरतो, धाग्याधाग्यांमधून वर-खाली ओढला जातो आणि एक बाही भिजली की खांदाही ओला होतो. टॉवेलसाठी हा गुण सोन्यासारखा. डोंगरावर तोच नडतो.

आता उष्णतेकडे वळू. हवेतली वाफ तंतूत शिरते तेव्हा वायूची अवस्था सोडून रेणूंना बिलगून बसते. वाफेचं पाणी होताना जेवढी उष्णता सुटते तेवढी सुटतेच, वर केराटिनशी जोडलं जाण्याची थोडी आणखी मिळते. मिळून एका ग्रॅमला साधारण 2,600 ज्यूल धरा. प्रयोगशाळेत नव्या मुलांना आम्ही हे दाखवायचो. भट्टीत वाळवलेली लोकर बंद बरणीत थंड करायची, मग थर्मामीटरच्या फुग्याभोवती गुंडाळून तळाशी पाणी असलेल्या दुसऱ्या बरणीत अधांतरी टांगायची. पाण्याला स्पर्श नाही, तरी पारा काही मिनिटांत पाच-सहा अंश वर जायचा. मुलं आधी बरणी गरम आहे का, हे हात लावून बघायची.

याचा हिशेब नागपुरातल्याच सकाळी करून पाहू. समजा तुमचा स्वेटर पूर्ण कोरडा तोलला तर 400 ग्रॅम भरतो. हिवाळ्यात दुपारी आपल्याकडे हवेची आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. दुपारभर गॅलरीत ठेवून संध्याकाळी कपाटात टाकलेल्या स्वेटरमध्ये तेव्हा वजनाच्या दहाएक टक्के, म्हणजे 40 ग्रॅम पाणी असतं. पहाटे तो घालून अंबाझरीवर फिरायला गेलात. तळ्याकाठी दमट हवा, आर्द्रता पंच्याऐंशी. या हवेत लोकर एकवीस टक्क्यांपर्यंत जायला बघते, म्हणजे 84 ग्रॅम. मधले 44 ग्रॅम वाफेतून आले. गुणिले 2,600 केलं तर साधारण 1,14,000 ज्यूल. शांत बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला सुमारे 100 ज्यूल उष्णता देतं. म्हणजे स्वेटरने जवळजवळ एकोणीस मिनिटांची तुमच्या शरीराची कमाई फुकट दिली.

कागदावर हा आकडा छान दिसतो. प्रत्यक्षात यातली बरीच उष्णता बाहेरच्या हवेत जाते. शिवाय स्वेटरची अंगाकडची बाजू उबदार असल्याने तिथली आर्द्रता बाहेरच्यापेक्षा कमी राहते आणि लोकर पूर्ण एकवीसला पोहोचत नाही. तिसरं म्हणजे हे सगळं पहिल्या तासाभरात संपतं. शोषताना तंतू स्वतःच गरम होतो आणि गरम तंतू वाफ कमी घेतो, त्यामुळे सुरुवातीचा जोर लवकर ओसरतो. त्यानंतर हवा तेवढीच दमट राहिली तर स्वेटरकडे द्यायला काही उरत नाही. आणि घरी आल्यावर तो वाळताना तेवढीच उष्णता परत मागतो. हे उसने पैसे आहेत. फरक इतकाच की बाहेर कडाक्यात मिळतात आणि घरात, चहा हातात असताना, फेडायचे असतात.

एक गोष्ट मात्र लोकरीची जाहिरात करणारे सहसा सांगत नाहीत. हाच हिशेब 400 ग्रॅम सुतासाठी केला तर तेही पाच टक्क्यांवरून बारापर्यंत जातं, 28 ग्रॅम वाफ घेतं आणि 70,000 ज्यूलच्या आसपास देतं. लोकरीच्या साठ टक्के! पॉलिस्टर जवळजवळ काहीच देत नाही, तरी तुमचा फ्लीसवाला मित्र तुमच्याइतका कुडकुडला नसणार, हे मी न बघता सांगतो. तेव्हा शोषणाची उष्णता हे चिखलदऱ्याच्या प्रसंगाचं पूर्ण उत्तर असूच शकत नाही. उत्तर पावसाच्या थेंबात आहे.

पाऊस वाफ नसतो. पाणी आधीच द्रवरूपात असेल तर ते तंतूत शिरताना सुटणारी उष्णता फारच थोडी, कारण मोठा वाटा वाफेचं पाणी होण्याचा असतो आणि तो आकाशातच उरकलेला असतो. उलट, तेच पाणी तुमच्या अंगावर वाळणार असेल तर एका ग्रॅमला सुमारे 2,430 ज्यूल तुमच्याकडून वसूल करतं. हूडीने पावसात 200 ग्रॅम पाणी घेतलं असेल, आणि जाड हूडी सहज याहून जास्त घेते, तर ते वाळवायला जवळपास 4,86,000 ज्यूल लागतील. शांत बसलेल्या शरीराची ही ऐंशी मिनिटांहून जास्त वेळाची सगळी उष्णता झाली. तुम्ही कुडकुडत होता, कारण तुमचं शरीर स्नायू हलवून ही वसुली भागवत होतं.

दुसरी वसुली हवेची. कापड गरम ठेवत नाही, कापडात अडकलेली हवा ठेवते. हाताने विणलेल्या जाड स्वेटरमध्ये आकारमानाने ऐंशी टक्क्यांहून जास्त हवाच असते. स्थिर हवा उष्णतेची वाईट वाहक, आणि पाणी तिच्यापेक्षा वीसपटीहून जास्त चांगलं वाहक. म्हणजे हवेच्या जागी पाणी बसलं की ऊब गेली. आता सुताचं ओलं झाल्यावर काय होतं ते तुमच्या घरात रोज दिसतं. इस्त्री करण्यापूर्वी सुती शर्टावर पाणी का शिंपडतो? कारण ओलं सूत ताठा सोडतं आणि दाबाल तसं बसतं. अंगावरच्या ओल्या हूडीचंही तेच होतं. तिचा फुगीरपणा जातो, कापड कातडीला चिकटतं, मधली हवा निघून जाते. लोकरीच्या तंतूलाही पाण्याने नरमाई येते, पण तिच्या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना जखडलेल्या असतात आणि थंड पाण्याला ते दुवे सुटत नाहीत. तंतूची मुळातली नागमोडी वळणं त्यामुळे टिकतात. खात्री करायची असेल तर लोकरीचा आणि सुताचा एकेक मूठभर गोळा पाण्यात बुडवा, पिळा, मुठीत दाबा आणि सोडा. लोकर हळूहळू फुगून वर येईल. सुताचा लगदा मुठीच्या आकाराचाच राहील.

तर मावठ्यात साधारण असं घडलं असावं. रिमझिम होती, मुसळधार नव्हे. आजीच्या स्वेटरच्या लवेवर थेंब बसले, काही घरंगळले, काही मित्राने झटकले. थोडं पाणी हळूहळू तंतूत गेलं. पण विणीतल्या पोकळीत हवा शाबूत होती आणि कातडीला ओल टेकलीच नाही. त्यातच चढण चढताना आलेला घाम वाफेच्या रूपातच लोकरीने उचलला, म्हणून आतून चिकचिक झाली नाही.

फ्लीसचा प्रकार तिसराच आहे. पॉलिस्टरचा तंतू पाणी पीतच नाही, त्यामुळे ओल्यातही मऊ पडत नाही, फुगीर राहतो आणि पाणी फक्त तंतूंच्या मधे लटकतं. दोनदा जोरात झटकलं की निम्मं जातं आणि उरलेलं भराभर वाळतं. वाळण्याच्या शर्यतीत लोकर त्याच्या जवळपासही येत नाही, कारण पोटातलं पाणी ती सावकाश सोडते. फ्लीसची अडचण घामाची. घामाची वाफ साठवायला तंतूत जागाच नसल्याने आतली हवा लगेच वाफेने भरून जाते, थेंब जमतात आणि बनियान ओलं लागतं. चालताना गरम, थांबलं की गार, हा अनुभव सिंथेटिकवाल्यांचा नेहमीचा. तरी मला विचाराल तर भर पावसात सुती हूडी आणि साधं फ्लीस यांत मी डोळे झाकून फ्लीस घेईन.

लोकरीची हद्द कुठे संपते हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं. पूर्ण कोरडा 400 ग्रॅमचा स्वेटर साधारण 530 ग्रॅमपर्यंत जाईल तोवर सगळं पाणी तंतूच्या पोटात मावू शकतं. त्याच्या पुढचा प्रत्येक ग्रॅम तंतूंच्या मधे, हवेच्या जागेत बसतो. काटा नसेल तर तळहात स्वेटरवर दाबून धरा. हात कोरडा राहिला तर काळजी नाही. हात ओला झाला तर हद्द ओलांडली. ओढ्यात पडून चिंब झालेला स्वेटर किलोभर वजनाचा होतो, खाली लोंबतो, त्याची पोकळी पाण्याने भरते आणि तो गारच लागतो. ‘ओली लोकरही गरम’ हे वाक्य चिंब लोकरीला लागू नाही. अशा वेळी तो काढून टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा (पिळायचा नाही, आकार जातो) आणि दाबून झाल्यावर पुन्हा घालायचा. एवढ्यानेही विणीतली हवा बरीच परत येते. वर साधा प्लास्टिकचा रेनकोट असेल तर वारा अडतो आणि बाष्पीभवनाची वसुली मंदावते.

धनगरांची घोंगडी आठवते का? पावसात तिची खोळ करून डोक्यावर घ्यायची आणि मेंढरांमागे चालायचं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, अंगाला टोचणारी, आणि त्यात नैसर्गिक तेलकटपणाही थोडाफार राहिलेला. चिंचोक्याची खळ देऊन ती ताठ करतात. थेंब वरून उतारावर निघून जातो आणि आत पोकळी राहते. ओली घोंगडी मणभर जड होते, वासही सुटतो, पण आतला माणूस बेताने ऊबदार राहतो. मऊपणाचे दाम मोजून आणलेला महागडा स्वेटर या कामात तिच्यापुढे उभा राहील असं नाही.

त्याचं कारण एक व्यावहारिक गोष्ट आहे. हल्ली ‘मशीनमध्ये धुता येते’ असं लिहिलेली बारीक मेरिनो लोकर बाजारात खूप दिसते. ती आटू नये म्हणून बऱ्याचदा क्लोरीनची प्रक्रिया करून खवल्यांच्या कडा बोथट करतात आणि वर पातळ राळेचा थर देतात. या भानगडीत तो स्निग्ध थर निघून जातो. अशा कापडावर थेंब टाका, तो सुतासारखा आत शोषला जाईल. वाफ शोषण्याची आणि उष्णता देण्याची ताकद गाभ्यात असल्याने ती राहते, पण पावसाचा थेंब अडवणं गेलं. घरच्या स्वेटरलाही कपडे धुण्याच्या क्षारयुक्त पावडरीने वरचेवर धुतलं तर असाच तोटा होतो. कोमट पाणी आणि लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण एवढंच वापरा. मी स्वतः एकदा थंडीत घाईने गरम पाणी वापरलं, आणि माझा स्वेटर पुढे मुलाला बसला.

शेवटचा मुद्दा, कारण नागपुरात तो सगळ्यात जास्त फसवतो. आपल्याकडे विणायच्या कुठल्याही धाग्याला ‘लोकर’ म्हणतात. दुकानातले रंगीबेरंगी गोळे आणि हिवाळ्यात रस्त्याकडेला लागणाऱ्या दुकानांतले बरेचसे स्वेटर प्रत्यक्षात अ‍ॅक्रिलिकचे असतात. अ‍ॅक्रिलिक कोरडं असताना छान ऊब देतं, पण या उत्तरातलं लोकरीचं वर्णन त्याला लागू नाही. त्याचं वागणं फ्लीसच्या जवळचं. ओळखायला शिवणीतला एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळा. अस्सल लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत बाजूला केली की बहुतेक वेळा विझते आणि उरलेली राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळत, काळा धूर सोडत जळतच राहतं आणि मागे कडक काळा मणी उरतो. मित्राच्या आजीच्या स्वेटरचीही ही परीक्षा घ्या, धागा मात्र आजींना विचारून काढा. मणी निघाला तर मला नक्की कळवा. मग वर मी मित्राबद्दल लिहिलेलं मला बदलावं लागेल, आणि त्या दिवशी त्याचा स्वेटर तुमच्या हूडीपेक्षा सरस ठरला तो फक्त पाणी न प्यायल्यामुळे, असं म्हणावं लागेल.